लवकर पेमेंटला सूट, उशिराला लेट फी: क्लायंटना नीट सांगून लागू करताना ठेवलेल्या नोंदी

३ एप्रिल

हे काम आजपासून हातात घेतलंय. आमचा चार जणांचा डिझाईन स्टुडिओ, कंपन्यांसाठी कॅटलॉग, लेबलं, पॅकेजिंग करतो, क्लायंट २३. काम भरपूर आहे पण पैसे वेळेत येत नाहीत, आणि दर महिन्याच्या शेवटी पगारासाठी बँकेचा ओव्हरड्राफ्ट म्हणजे ओडी वापरावा लागतो. पार्टनर म्हणाला, लवकर देणाऱ्याला थोडी सूट आणि उशीर करणाऱ्याला लेट फी लावूया, सगळे लावतात. मी म्हटलं लावू, पण आधी नक्की उशीर किती होतो ते तर बघू दे.

मागच्या १२ महिन्यांची बिलं शीटमध्ये घेतली. बिलाची तारीख, रक्कम, पैसे जमा झाल्याची तारीख, बस. अटी ३० दिवसांच्या आहेत आणि रकमेच्या वजनाने काढलेली सरासरी आली ४७ दिवस. वजनाने काढली हे महत्त्वाचं, कारण साधी सरासरी ३८ च येत होती, छोटी बिलं पटकन भरली जातात आणि मोठी रेंगाळतात, मग साधी सरासरी बघून वाटतं की एवढं काही बिघडलेलं नाही.

अजून एक दिसलं. ५ क्लायंट आत्ताच १५ दिवसांच्या आत पैसे देतात, काहीही न मागता. आमच्या बिलिंगचा साधारण पाव भाग त्यांचा आहे. हे डोक्यात ठेवायचंय, सूट द्यायची म्हटली की पहिली तीच घेणार.

५ एप्रिल

आज दिवसभर फोन. मागच्या तिमाहीत ३१ बिलांचे पैसे उशिरा आले, त्या प्रत्येकाचं कारण विचारलं, तक्रारीच्या सुरात नाही, सरळ म्हटलं की आम्ही आमची बिलिंगची पद्धत सुधारतोय, तुमच्याकडे हे बिल कुठे अडकलं होतं ते सांगाल का.

त्यातली १२ आमच्यामुळेच अडकली होती. कुठे क्लायंटच्या पर्चेस ऑर्डरचा म्हणजे पीओ नंबर टाकायचा राहिला, कुठे बिल गेलं मार्केटिंगच्या माणसाला आणि अकाउंट्सला पोचलंच नाही, आणि चार बिलांवर तारीख होती १ आणि मेल गेला ९ ला. म्हणजे समोरच्याचे आठ दिवस आपणच खाल्ले आणि वर आपण म्हणणार उशीर झाला. ही १२ बिलं बघून मला खरंच वाईट वाटलं, कारण यातल्या दोन क्लायंटना मी मागे जरा ताठर मेल पाठवली होती. दोघांना आज फोन करून सॉरी म्हटलं.

ठरलं की लेट फीचं नाव काढायच्या आधी आपलं घर आवरायचं. पीओ नंबर नसेल तर बिल बाहेर जाणार नाही, बिल नेहमी अकाउंट्सच्या मेलवर आणि काम देणाऱ्या माणसाला कॉपी, आणि मुदत मोजायची ती बिल ज्या दिवशी पाठवलं त्या दिवसापासून.

९ एप्रिल

सूट किती द्यायची यावर आज बसले. पार्टनरला २ टक्के हवेत, १० दिवसांत दिलं तर २ टक्के नाहीतर ३० दिवसांत पूर्ण, जगभर चालणारी ही जुनी पद्धत आहे. ऐकायला २ टक्के म्हणजे काहीच नाही वाटतं. पण नीट बघितलं तर १०० च्या बिलावर आपण ९८ घेतोय, २० दिवस आधी मिळावेत म्हणून २ सोडतोय, म्हणजे ९८ वर २० दिवसांचं २ व्याज. वर्षाचं काढलं तर ३७ टक्क्यांच्या वर जातं. आमचा ओडी १३ टक्क्यांचा आहे. ३७ टक्क्यांनी पैसे उचलायचे आणि १३ चा ओडी फेडायचा हे गणित कुठेच बसत नाही.

पण पूर्ण खरं हेही नाही. आमचे लोक ३० व्या दिवशी देतच नाहीत, ४७ व्या दिवशी देतात. मग १५ दिवसांत दिलं तर १ टक्का असं ठेवलं तर पैसे ३२ दिवस आधी येतात, आणि ९९ वर ३२ दिवसांचं १ म्हणजे वर्षाला साधारण साडेअकरा टक्के. हे ओडीच्या खाली आहे. म्हणून १ टक्का.

आता ते ५ जण. महिन्याचं बिलिंग १० लाख धरलं तर त्यांचं अडीच लाख, त्यावर १ टक्का म्हणजे २,५०० दर महिन्याला, आणि बदल्यात एक दिवसही लवकर पैसे येणार नाहीत कारण ते आधीच लवकर देतायत. आणि समजा नवे ३ लाख लवकर यायला लागले, तर सूट गेली ३,००० आणि ओडीचं व्याज वाचलं जवळपास ३,४००. म्हणजे नव्या लोकांकडून फायदा ४०० आणि जुन्या चांगल्या लोकांवर खर्च २,५००. कागदावर तोटाच आहे! पार्टनरला दाखवलं तर तो म्हणाला मग त्या पाचांना सांगूच नको.

मला हे अजिबात पटलं नाही. जे वर्षानुवर्षं वेळेवर देतायत त्यांना वगळायचं आणि जे रखडवतात त्यांना बक्षीस द्यायचं, आणि हे कधीतरी कळतंच, अकाउंट्सवाले एकमेकांशी बोलतात. त्यापेक्षा सूट सगळ्यांना, आणि ते २,५०० आपण उघडपणे आभाराचा खर्च म्हणून धरायचे. शिवाय मी महिन्याला ११ तास नुसते फॉलोअपचे फोन करते, ते कमी झाले तर त्या वेळात एक अख्खं लेबलाचं काम होतं. पार्टनर शेवटी हो म्हणाला, पण सहा महिन्यांनी परत आकडे बघायचे या अटीवर. योग्य अट आहे.

१२ एप्रिल

लेट फी. यात मला सगळ्यात जास्त भीती एका गोष्टीची होती आणि त्यावर एक जुना अभ्यास आठवला, उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी यांचा, २००० साली छापलेला. इस्राएलमध्ये हायफा शहरातल्या १० पाळणाघरांपैकी काहींनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना छोटा दंड लावला, आणि उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी साधारण दुप्पट झाले. नंतर दंड काढून टाकला तरी आकडा खाली आला नाही. आधी पालकांना वाटायचं की बाई थांबल्यात, बरं नाही दिसत. दंड आल्यावर ती एक विकत घ्यायची सोय झाली.

आमच्याकडेही हेच होऊ शकतं. फी ओडीच्या दरापेक्षा कमी ठेवली तर क्लायंटच्या दृष्टीने आम्ही म्हणजे स्वस्त बँक. म्हणून महिन्याला १.५ टक्के, वर्षाचे १८, सरळ व्याज, व्याजावर व्याज नाही. याच्या वर जायचं नाही, कारण त्यात जरब जास्त आणि उपयोग कमी, आणि किती आकारता येतं यावर बऱ्याच ठिकाणी कायद्याची मर्यादा असते, ती आमच्या वकिलांकडून तपासून घेतली.

ड्यू डेटनंतर ५ दिवस सवलतीचे, त्यात काहीच नाही, आणि फी सहाव्या दिवसापासूनच मोजायची, मागचे ५ दिवस परत धरायचे नाहीत. बिलात काही चूक वाटली आणि क्लायंटने ७ दिवसांत कळवलं तर निकाल लागेपर्यंत त्या रकमेवर फीचं घड्याळ बंद. आणि प्रत्येक क्लायंटला पहिल्या वेळी माफ, न मागता. शीटमध्ये हे टाकलं:

```
=ROUND(B2*1.5%/30*MAX(0,C2-D2-5),0)
```

B2 रक्कम, C2 पैसे आले ती तारीख, D2 ड्यू डेट. पूर्ण महिना मोजायचा नाही, दिवसावर मोजायचं, कारण दोन दिवस उशीर करणाऱ्याला अख्ख्या महिन्याची फी लावली की तो म्हणतो आता लागलीच आहे तर महिन्याच्या शेवटीच देतो.

१८ एप्रिल

पत्राचा पहिला मसुदा लिहिला आणि फाडला. त्यात असं होतं: "वारंवार होणाऱ्या विलंबामुळे आम्हाला नाईलाजाने पुढील नियम लागू करावे लागत आहेत." पार्टनरच्या बायकोने वाचलं, ती एका कंपनीत पर्चेसला आहे, म्हणाली, "अगं, हे वाचून वेळेवर देणाऱ्यालाही वाटेल माझ्यावरच बोट ठेवलंय. आणि नाईलाजाने कशाला, तूच तर ठरवलंयस." बरोबर आहे तिचं.

दुसरा मसुदा, जो राहिला:

"नमस्कार मॅडम, १ जूनपासूनच्या बिलांसाठी आम्ही पेमेंटच्या अटी थोड्या बदलतोय, म्हणून आधी कळवतेय. आमची टीम छोटी आहे, पगार आणि छपाईचे ॲडव्हान्स आम्हाला महिन्याच्या आत द्यावे लागतात, त्यामुळे पैसे कधी येणार हे आधी कळलं तर आमचं काम सोपं होतं. बिल १५ दिवसांत भरलंत तर १ टक्का तुमचा. ३० दिवसांत भरलंत तर नेहमीसारखंच, काही फरक नाही. त्यानंतर ५ दिवस थांबून मग महिन्याला १.५ टक्के दराने लेट फी लागेल, दिवसावर मोजून. जुन्या बिलांना यातलं काहीच लागू नाही. तुमच्या पेमेंटच्या तारखा या अटींत बसत नसतील तर मला फोन करा, आपण बसवू."

शेवटची ओळ मनापासून आहे. आणि लेट फीची ओळ लपवली नाही, बारीक अक्षरात खाली टाकली नाही, मधोमध ठेवली, कारण गोड बोलून खाली काटा लपवला तर पुढच्या वेळी गोड बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

२२ एप्रिल

पत्र पाठवायच्या आधी मोठ्या ८ क्लायंटना फोन. फोन आधी, मेल नंतर, हा क्रम मी मुद्दाम ठेवला.

सात जणांचं ठीक. आठवे आमचे सगळ्यात जुने, पहिल्या वर्षापासूनचे. ते म्हणाले, "ताई, इतक्या वर्षांत आपला एक पैसा बुडवलाय का आम्ही?" मी म्हटलं, "नाही सर, एकही नाही, आणि बुडण्याचा प्रश्नच नाहीये. प्रश्न एवढाच आहे की तुमचे पैसे येतात नक्की, पण ४० व्या दिवशी की ७० व्या हे मला माहीत नसतं, आणि पगार मात्र १ तारखेलाच करायचा असतो." ते जरा थांबले, मग म्हणाले आमच्याकडेही हीच बोंब आहे, आमचे पैसेच ६० दिवसांनी येतात. मग त्यांच्यापुरतं ठरलं की सूट नको, मुदतच ४५ दिवस, पण ४५ म्हणजे ४५. ते करारावर लिहून घेतलं. माझ्यासाठी नक्की तारखेचे ४५ दिवस हे अंदाजाच्या ३० पेक्षा चांगले.

पॅकेजिंग कंपनीच्या अकाउंट्सच्या मॅडमशी झालेलं बोलणं सगळ्यात उपयोगी. त्यांनी मला त्यांच्या बाजूचं चित्र दाखवलं. बिल आलं की आधी ज्याने काम दिलं तो पास करतो, त्याला सहा-सात दिवस, मग पीओ आणि काम मिळाल्याची नोंद याच्याशी जुळवणी, मग एंट्री. आणि पैसे सुटतात फक्त १० आणि २५ तारखेला. त्या म्हणाल्या, "तुम्ही बिल ८ ला पाठवता ना, मग १० ची गाडी सुटते आणि २५ पर्यंत १७ दिवस होतात. तुमची १ टक्का सूट आम्हाला हवी असली तरी घेताच येणार नाही." मी विचारलं मग कधी पाठवू? "१ ला किंवा १६ ला पाठवा. नऊ दिवसांत पैसे."

हे मला कुठल्या गणितात सापडलं नसतं. सूट १ टक्का की २ यावर आम्ही तीन दिवस घालवले, आणि खरी गोष्ट बिल कुठल्या तारखेला जातं ही होती. संध्याकाळी सगळ्या २३ जणांच्या पेमेंटच्या तारखा विचारून शीटमध्ये वेगळा कॉलम केला.

२ मे

पत्रं गेली. अकाउंटंटशी एक गोष्ट आधीच बोलून घेतली होती, सूट दिली तर टॅक्स पूर्ण रकमेवर की कमी झालेल्या, आणि सूट बिलात दाखवायची की पैसे आल्यावर तेवढी रक्कम कमी करणारी क्रेडिट नोट काढायची. हे जागोजागी वेगळं असतं, त्यामुळे आपापल्या अकाउंटंटला विचारल्याशिवाय बिलाचा फॉरमॅट छापू नका. आमचं क्रेडिट नोटवर ठरलं.

१ जून

नव्या फॉरमॅटचं पहिलं बिल. आधी मी लिहिलं होतं "१५ दिवसांत भरल्यास १ टक्का सूट", ते खोडलं. टक्के आणि दिवस वाचणाऱ्याला मोजायला लागतात, आणि तो मोजेल असं नाही. आता बिलावर रक्कम आणि तारीख सरळ लिहिते. १ लाखाच्या बिलावर असं दिसतं: १६ जूनपर्यंत ९९,०००. १ जुलैपर्यंत १,००,०००. ६ जुलैनंतर रोज ५० जास्त. तीन ओळी, रकमेच्या अगदी खाली, कुणाला कॅल्क्युलेटर काढायला नको.

२९ जून

एक अपेक्षित घोळ झाला. एका क्लायंटचं ६०,००० चं बिल, सूट २३ जूनपर्यंत, पैसे आले २७ ला आणि आले ५९,४००. म्हणजे मुदत उलटून गेली तरी १ टक्का कापून घेतला. असं बऱ्याचदा होतं, त्यांच्या सिस्टिममध्ये सूट एकदा भरली की तारीख कोणी बघत नाही.

६०० साठी भांडायचं का? नाही. पण गप्प बसलं तर पुढच्या वेळी ३० व्या दिवशीही ९९ टक्केच येणार आणि मग ती सूट राहणार नाही, आमचा दरच १ टक्क्याने कमी झालेला असेल. मी लिहिलं: "सर, पैसे मिळाले, धन्यवाद. सूट २३ पर्यंत होती आणि पेमेंट २७ चं आहे, या वेळी हे ६०० आम्ही सोडतोय आणि तशी क्रेडिट नोट जोडलीय. पुढच्या बिलापासून तारखेप्रमाणे धरूया." दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, चूक आमची, सिस्टिममध्ये दुरुस्त केलंय. क्रेडिट नोट दिली म्हणून दोन्हीकडची वही जुळली, नाहीतर ते ६०० वर्षभर थकबाकीत दिसत राहिले असते.

२५ सप्टेंबर

पहिली लेट फी खरोखर लावली. जूनच्या बिलाचे पैसे उशिरा आले तेव्हा याच क्लायंटला माफ केलं होतं आणि तसं लिहून कळवलंही होतं. आता ४ ऑगस्टचं ८०,००० चं बिल, ड्यू ३ सप्टेंबर. ड्यू डेटच्या तीन दिवस आधी आठवण पाठवली, ४ तारखेला पाठवली, ८ ला सवलतीचे दिवस संपताना फोन केला, प्रत्येक वेळी हेच विचारलं की बिलात काही अडचण आहे का. नव्हती. पैसे आले २३ ला. २० दिवस उशीर, ५ वजा, १५ दिवस, रोजचे ४०, म्हणजे ६००.

बोटं कीबोर्डवर ठेवून बराच वेळ बसले होते. मनात येत होतं जाऊ दे. पण या वेळी सोडलं तर पत्रातली ओळ खोटी ठरते, आणि जे १५ दिवसांत देतायत त्यांच्याशीही ते प्रामाणिक नाही. वेगळं छोटं बिल काढलं, सोबत हिशोब एका ओळीत, आणि फोन करून सांगितलं की बिल पाठवतेय, अचानक दिसायला नको. ते म्हणाले, "हो, कळवलं होतंत तुम्ही." मग स्वतःहून सांगितलं की त्यांच्याकडे सही करणारे साहेब महिनाभर रजेवर होते. मी म्हटलं असं असेल तेव्हा आधी एक मेसेज टाका, ड्यू डेटच्या आधी कळलं तर मी तारीख पुढे ढकलून देते, फी लागणारच नाही. ६०० आज जमा झाले.

३० सप्टेंबर

सहा महिने व्हायला अजून वेळ आहे पण आकडे काढले. वजनाने सरासरी ४७ वरून ३६ दिवस. सूट घेणारे ९ क्लायंट, त्यात ते ५ आधीचेच. म्हणजे नवे चारच. सूट देण्याचा खर्च अजून वाचलेल्या व्याजापेक्षा जास्त आहे, हे पार्टनरला सरळ सांगितलं. पण त्या ११ दिवसांतला मोठा वाटा सूट दिल्याचा नाहीच, बिल वेळेत आणि बरोबर माणसाकडे जाण्याचा आणि तारखा जुळवण्याचा आहे. आणि फॉलोअप ११ तासांवरून ४ वर आलंय. लेट फी तीन जणांना लागली असती, दोघांना पहिली वेळ म्हणून माफ, एकाची घेतली.

पार्टनर विचारत होता सूट बंद करायची का. मार्चपर्यंत चालू ठेवायची आणि तेव्हाही नवे चारच असतील तर सगळ्यांना दोन महिने आधी कळवून अर्ध्या टक्क्यावर आणायची असं ठरलं.

उद्या १ तारीख. पॅकेजिंगच्या मॅडमचं बिल सकाळी नऊच्या आत जायला हवं, पीओ नंबर टाकून ठेवलाय.